मुंबईची ११ जून आली कुठून?

२०२५ च्या मे महिन्यातली शेवटची रात्र. माझ्याकडे, म्हणजे इंग्लंडमध्ये, साडेनऊ वाजले होते आणि तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. एवढ्या उशिरा काकांचा फोन म्हटल्यावर आधी पोटात गोळा आला. पण काका शांत होते. त्यांचं शेत सोलापूर जिल्ह्यात, बार्शीच्या बाजूला आहे. म्हणाले, "टीव्हीवाले म्हणतात मॉन्सून आला. शेत तर चांगलं भिजलंय. शेजारच्यांनी सोयाबीनचं बियाणं आणलंसुद्धा. तू तिकडं हेच शिकतेस ना? मग सांग, पेरू का?"

मी थोडा वेळ गप्पच राहिले. हवामानशास्त्रात डॉक्टरेट असली की घरातले लोक तुम्हाला चालतंबोलतं पंचांग समजतात, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. पण गप्प राहण्याचं कारण वेगळं होतं. टीव्हीवर "मॉन्सून आला" म्हणतात, "नेहमीच्या तारखेच्या सोळा दिवस आधी आला" असंही म्हणतात, आणि या दोन्ही वाक्यांतून "पेरू का?" या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. असं का होतं, ते सांगायला हा लेख. काकांच्या प्रश्नाकडे शेवटी परत येऊ.

सोळा, शून्य, चौतीस

आधी फक्त दोन शहरं घेऊ. भारतीय हवामान विभागाच्या यादीत मुंबईत मॉन्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे आणि दिल्लीची २७ जून. म्हणजे मुंबईत पाऊस आला की सोळा दिवसांनी दिल्लीत, असं कुणालाही वाटेल. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा आठवा. केरळपासून वर वर सरकणाऱ्या रेषा आणि प्रत्येक रेषेवर एक तारीख. जणू रेल्वेचं वेळापत्रक.

आता प्रत्यक्षात काय झालं ते पाहू. २०२३ मध्ये मॉन्सून मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला, २५ जूनला. मुंबईला दोन आठवडे उशीर, तर दिल्लीला दोन दिवस आधी. दोन्ही शहरांत एकाच दिवशी येण्याची त्याआधीची वेळ होती २१ जून १९६१. पुढे २०२५ मध्ये मुंबईत तो २६ मे रोजी आला. इतक्या लवकर तो तिथे कधी आल्याची नोंद नव्हती. आणि दिल्लीत? २९ जूनला, नेहमीपेक्षा दोन दिवस उशिरा.

म्हणजे यादीप्रमाणे अंतर सोळा दिवस, २०२३ मध्ये शून्य आणि २०२५ मध्ये चौतीस. रेल्वेचं वेळापत्रक असं नसतं. गाडी कल्याणला लवकर आली तर नाशिकलाही बहुतेक लवकरच येते, कारण गाडी एक असते आणि रूळही एकच. मुंबईची आणि दिल्लीची गाडी एक नाही. या लेखातली बाकीची गुंतागुंत या एका गोष्टीतून निघते.

सगळ्यात तापलेली जागा सगळ्यात शेवटी का?

शाळेत आपल्याला शिकवलेलं कारण साधारण असं असतं: उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तापलेली हवा वर जाते, कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि समुद्रावरून बाष्प घेऊन वारे धावत येतात. ही कल्पना जुनी आहे. धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेल्या एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये ती मांडली. ती चूक नाही, पण एवढ्यावर थांबलात तर एक कोडं सुटत नाही.

कोडं असं. मे आणि जूनमध्ये भारतातली सगळ्यात तापलेली जागा कोणती? राजस्थानचा पश्चिम भाग. १९ मे २०१६ रोजी फलोदीला ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. मग वारे आणि पाऊस सगळ्यात आधी तिथे जायला हवेत. प्रत्यक्षात पश्चिम राजस्थानचं टोक यादीत सगळ्यात शेवटी येतं, ८ जुलैला.

ही अडचण शंभर वर्षांपूर्वी जॉर्ज सिम्प्सन यांनी स्पष्ट मांडली. ते भारताच्या हवामान विभागात काम केलेले गृहस्थ. मधल्या काळात ते कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकालाही जाऊन आले आणि पुढे ब्रिटनच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. १९२१ च्या एका लेखात त्यांनी विचारलं: जमिनीची उष्णता हेच खरं कारण असेल, तर मे महिना जुलैपेक्षा जास्त तापलेला असूनही पाऊस मेमध्ये का येत नाही? आणि ज्या वर्षी मॉन्सून कमी पडतो त्या वर्षी जमीन जास्त तापलेली का असते?

उत्तराचा एक भाग हवेच्या उभ्या रचनेत आहे. जमिनीलगत बाष्प आलं म्हणजे पाऊस पडेलच असं नाही. ढगाला दहाबारा किलोमीटर उंच वाढावं लागतं, आणि वाटेत कोरडी हवा लागली तर तो तिथेच विरून जातो. उकळत्या पातेल्यातली वाफ कोरड्या खोलीत जशी हातभर वर जाऊन नाहीशी होते, तसंच.

आता जूनच्या सुरुवातीचा भारत डोळ्यांसमोर आणा. वायव्येकडून, म्हणजे अफगाणिस्तान आणि इराणच्या बाजूने, कोरडी हवा येते आणि जमिनीपासून साधारण दोन ते चार किलोमीटर उंचीवर भारतावर पसरते. तिचा आकार पाचरीसारखा असतो. वायव्येला जाड, आणि आग्नेयेकडे निमुळती होत गेलेली. राजस्थानात खाली समुद्रावरचं थोडं बाष्प आलेलं असतं, पण डोक्यावर ही जाड पाचर. ढग वर यायचा प्रयत्न करतात आणि मरतात. दक्षिणेत आणि पूर्वेत पाचर पातळ असते, म्हणून तिथे ढग आधी फोडून वर जातात.

ही पाचर हळूहळू झिजते. प्रत्येक दिवशी कडेकडेचे ढग वर जाऊन थोडं बाष्प त्या कोरड्या थरात मिसळतात. थर ओलसर झाला की दुसऱ्या दिवशीचे ढग आणखी उंच जातात. अशी कड आग्नेयेकडून वायव्येकडे सरकत जाते, आणि तिच्या वरच्या हवेचा वारा नेमका उलट्या दिशेने वाहत असतो. म्हणून ही वाटचाल सावकाश होते. केरळ ते पश्चिम राजस्थान हा प्रवास यादीप्रमाणे पाच आठवड्यांपेक्षा थोडा जास्त आहे. वारा हे अंतर दोनतीन दिवसांत कापू शकतो. आपण "मॉन्सून पुढे सरकला" म्हणतो तेव्हा वारा सरकत नसतो. सरकत असते कोरड्या पाचरीची कड.

मुंबईची वाट आणि दिल्लीची वाट

कोकणाची गोष्ट त्या मानाने सोपी आहे. विषुववृत्त ओलांडून आलेला वारा सोमालियाच्या किनाऱ्याजवळ जोर धरतो आणि अरबी समुद्रावरून सरळ पश्चिम किनाऱ्यावर येतो. जमिनीपासून दीडएक किलोमीटरवरचा हा वेगवान झोत फिंडलेटर यांनी १९६० च्या दशकात नीट दाखवून दिला. समोर सह्याद्री उभा आहे. हवा चढते, थंड होते, पाऊस पडतो. केरळात १ जून आणि मुंबईत ११ जून: दहा दिवसांत हा झोत उत्तरेकडे सरकतो आणि किनाऱ्यावरचा पाऊसही त्याच्याबरोबर.

दिल्लीची वाट वेगळी आहे. "नैऋत्य मोसमी वारे" या नावामुळे आपल्याला वाटतं की दिल्लीत वारे नैऋत्येकडून येतात. पण दिल्लीत मॉन्सून बहुतेक वेळा पूर्वेकडच्या वाऱ्यांबरोबर येतो. बंगालच्या उपसागरावरून गेलेला प्रवाह म्यानमारच्या डोंगरांना आणि मग हिमालयाला अडतो, डावीकडे वळतो आणि गंगेच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे येतो. उत्तर भारतीय मित्रांना "पुरवैया" म्हणजे काय ते विचारा. पूर्वेचा तो वारा म्हणजे पावसाची वर्दी. उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ते बिहार आणि उत्तर प्रदेशाकडे सरकलं, तर दिल्लीचं काम लवकर होतं. नाही झालं, तर दिल्ली वाट पाहते, मग मुंबई कितीही भिजलेली असो.

आता २०२३ चं कोडं सुटतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ तयार झालं. त्याने बाष्प स्वतःकडे ओढलं आणि किनाऱ्यावरचा प्रवाह विस्कटला. केरळात मॉन्सून ८ जूनला आला, मुंबई कोरडीच राहिली. वादळ १५ जूनला गुजरातच्या किनाऱ्यावर आदळलं आणि त्याचे अवशेष राजस्थानात भरपूर पाऊस पाडून गेले. म्हणजे एरवी महिनाभर झिजवावा लागणारा वायव्येचा कोरडा थर वादळाने आधीच बराच ओला करून ठेवला. मग उपसागराच्या बाजूने प्रवाह जोरात आला आणि दोन्ही शहरं एकाच दिवशी नकाशावर निळी झाली.

२०२५ मध्ये उलट झालं. केरळात २४ मे, आणि दोनच दिवसांनी मुंबई. किनाऱ्याचं काम झटपट झालं. पण नंतर मेअखेरीपासून दोन आठवड्यांहून जास्त काळ मॉन्सूनची रेषा महाराष्ट्राच्या आसपासच अडकून राहिली. मधल्या उंचीवरची कोरडी हवा पुन्हा खाली सरकली होती.

तारीख ठरवतं कोण, आणि कशी?

"मॉन्सून आला" हे वाक्य कुणीतरी उच्चारावं लागतं. पहिला पाऊस पडला की मॉन्सून आला, असं नाही. मे महिन्यात वळवाचा पाऊस पडतोच. दुपारी आभाळ भरून येतं, विजा कडाडतात, गारा पडतात आणि संध्याकाळी पुन्हा लख्ख. तो मॉन्सून नव्हे.

केरळासाठी हवामान विभागाने २००६ पासून लेखी कसोटी ठरवली आहे. लक्षद्वीप, केरळ आणि मंगळूर मिळून चौदा ठिकाणं निवडली आहेत. १० मे नंतर, माहिती मिळालेल्या ठिकाणांपैकी किमान साठ टक्के ठिकाणी सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला, तर दुसऱ्या दिवशी मॉन्सून जाहीर करता येतो. पण फक्त पाऊस पुरत नाही. समुद्रावरचे पश्चिमी वारे चारेक किलोमीटर उंचीपर्यंत पोचलेले हवेत, जमिनीलगत त्यांचा वेग १५ ते २० नॉट्स हवा, आणि उपग्रहाला दिसणारं, पृथ्वीवरून अवकाशात जाणारं उष्णतेचं प्रारण दर चौरस मीटरला २०० वॉटपेक्षा कमी हवं. ही शेवटची अट म्हणजे आडून विचारलेला प्रश्न आहे: ढग खरंच उंच आणि दाट आहेत का? उंच ढगांचे माथे थंड असतात, म्हणून त्यांच्यावरून कमी उष्णता बाहेर जाते. वळवाचा पाऊस पहिली अट पार करू शकतो, पण सगळ्या एकदम पार करणं त्याला अवघड जातं.

केरळाच्या पुढे अशी आकड्यांची कसोटी नाही. तिथे अनुभवी अंदाजकर्ते पाऊस, वारे आणि बाष्प बघून मॉन्सूनची उत्तर सीमा नावाची रेषा नकाशावर पुढे नेतात. त्यात माणसाचा निर्णय असतो. दोन चांगले अंदाजकर्ते एकाच शहराबाबत दोन दिवसांनी वेगळं मत देऊ शकतात. म्हणून एखाद्या वर्षी पाऊस "नेहमीपेक्षा एक दिवस उशिरा" आला, असं वाचलंत तर त्या एका दिवसाला फार किंमत देऊ नका.

वैमानिकांसाठी काढलेला नकाशा

आता सर्वसाधारण तारखेकडे वळू. पुण्यात शिवाजीनगरला "सिमला ऑफिस" नावाचा चौक आहे. तिथून गेला असाल तर पुण्यात सिमला कुठून आलं, असा प्रश्न पडला असेल. हवामान विभागाचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं आणि लोकांनी त्या इमारतीला तेच नाव दिलं. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं. नाव राहिलं.

त्याच्या आदल्या वर्षी, १९४३ मध्ये, विभागाने एक नकाशासंग्रह काढला. तो वैमानिकांसाठी होता. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि विमानं उडवणाऱ्यांना कुठल्या महिन्यात कुठे ढग असतील ते हवं होतं. या संग्रहातल्या मॉन्सूनच्या तारखा १९०१ ते १९४० या काळातल्या १४९ ठिकाणच्या पावसावरून काढलेल्या होत्या. पुढे सत्त्याहत्तर वर्षं त्याच तारखा वापरात राहिल्या. युद्धकाळातल्या वैमानिकांसाठीचा नकाशा शेतकऱ्यांच्या, धरणांच्या आणि शेअर बाजाराच्या बातम्यांमध्ये जाऊन बसला.

त्या तारखा काढण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. वर्षाचे पाच-पाच दिवसांचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यात त्या गावी सरासरी किती पाऊस पडतो ते अनेक वर्षांवरून काढायचं. मग आलेख बघायचा. जिथे पाऊस एकदम उडी मारतो तो तुकडा शोधायचा आणि त्याची मधली तारीख घ्यायची. म्हणजे आधी सरासरी आणि मग तारीख.

यात एक खाच आहे. समजा एका काल्पनिक गावी मॉन्सूनपूर्वी दिवसाला २ मिलिमीटर पाऊस पडतो आणि मॉन्सून आल्यावर २० मिलिमीटर. तीन वर्षांत मॉन्सून अनुक्रमे १, ११ आणि २१ जूनला आला. प्रत्येक वर्षी एक मोठी, स्पष्ट उडी. आता तिन्ही वर्षांची सरासरी काढा. १ जूनपूर्वी २, पहिल्या दहा दिवसांत ८, पुढच्या दहा दिवसांत १४ आणि २१ जूननंतर २०. मोठी उडी गेली कुठे? तिच्या जागी तीन सारख्या लहान पायऱ्या आल्या. चाळीस वर्षं घेतलीत तर पायऱ्याही जातात आणि नुसता चढ उरतो. कोकणात चढ इतका उभा असतो की फारसं बिघडत नाही. पण आसामसारख्या ठिकाणी एप्रिल-मेमध्येच वादळी पाऊस भरपूर होतो, तिथे उडी शोधणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा.

दुसरी रीत उलटी आहे: आधी दर वर्षीची तारीख, मग सरासरी. आपल्या काल्पनिक गावात ती सरळ ११ जून येते. एप्रिल २०२० मध्ये हवामान विभागाने नव्या तारखा जाहीर केल्या त्या या धर्तीवर, १९६१ ते २०१९ या काळात दर वर्षी जाहीर झालेल्या तारखांवरून. केरळाची १ जून तशीच राहिली. मुंबई १० वरून ११ वर गेली. दिल्ली २९ वरून २७ जूनवर आली. मॉन्सून संपूर्ण देश व्यापण्याची तारीख १५ जुलैवरून ८ जुलैवर आली, आणि वायव्य राजस्थानातून परतीची तारीख १ सप्टेंबरवरून थेट १७ सप्टेंबरवर गेली.

इथे घाई करू नका. "बघा, हवामान बदललं" असं म्हणायचा मोह होतो. बदल झाला असेलही. पण या दोन याद्यांमध्ये एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या आहेत: वर्षं बदलली आणि मोजण्याची पट्टीही बदलली. राजस्थानातल्या सात दिवसांपैकी किती हवामानाचे आणि किती पट्टीचे, ते याद्या शेजारी ठेवून सांगता येत नाही. त्यासाठी जुन्या आणि नव्या दोन्ही काळांवर एकच पट्टी लावावी लागते.

आपल्या आजीआजोबांच्या तारखेचंही थोडं असंच आहे. सूर्य मृग नक्षत्रात जातो ७ किंवा ८ जूनला, आणि पेरणीचा हिशेब त्यावर असायचा. पण नक्षत्रं ताऱ्यांवरून मोजतात आणि ऋतू सूर्याच्या उत्तर-दक्षिण प्रवासावरून चालतात. ही दोन वर्षं सुमारे वीस मिनिटांनी वेगळी आहेत. त्यामुळे मृग दर बहात्तर वर्षांत साधारण एक दिवस पुढे सरकतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी, आजच्या कॅलेंडरने मोजलं तर, तो २-३ जूनच्या सुमारास लागत असणार. पाऊस मात्र ताऱ्यांबरोबर सरकत नाही. कुठलीही ठरलेली तारीख अधूनमधून पुन्हा मोजावी लागते, ती पंचांगातली असो की सरकारी.

सात वर्षं, एक शहर

आता मुंबईच्या जाहीर तारखा स्वतः मोजून बघा. २०१९ मध्ये २५ जून, २०२० मध्ये १४, २०२१ मध्ये ९, २०२२ मध्ये ११, २०२३ मध्ये २५, २०२४ मध्ये ९ जून, आणि २०२५ मध्ये २६ मे.

सरासरीसाठी १ जूनला १ धरा. मग ३१ मे म्हणजे ० आणि २६ मे म्हणजे उणे ५. बेरीज ८८ येते. सातने भागलं की साडेबारा, म्हणजे १२ किंवा १३ जून. आता तारखा क्रमाने लावा आणि मधली घ्या: ११ जून. यादीतलीच. सात वर्षांवरून हे जुळणं योगायोगही असू शकतो. पण दोन उत्तरांतला फरक बघा. २५ जूनला आलेली दोन वर्षं सरासरीला मागे ओढतात, मधल्या तारखेला नाही. म्हणून "साधारण" म्हणजे सरासरी की मधली, हेही सांगायला हवं.

आणि खरी गोष्ट पुढे आहे. या सात वर्षांत मॉन्सून नेमका ११ जूनला किती वेळा आला? एकदा. सगळ्यात लवकरच्या आणि सगळ्यात उशिराच्या तारखेत तीस दिवसांचं अंतर आहे, आणि सरासरीपासूनचं प्रमाण विचलन सुमारे दहा दिवस. केरळात हेच विचलन दीर्घकाळासाठी साधारण आठवड्याचं आहे. तिथेही टोकं लांब आहेत: १९१८ मध्ये ११ मे, १९७२ मध्ये १८ जून.

म्हणून मुंबईची तारीख नीट सांगायची तर वाक्य असं होतं: १९६१ ते २०१९ च्या जाहीर तारखांवरून मुंबईत मॉन्सून साधारण ११ जूनला येतो, आणि अलीकडे त्यात दहाएक दिवस मागेपुढे होणं नेहमीचंच आहे. बातमीत एवढं मावत नाही, मग फक्त "११ जून" उरते आणि ती वेळापत्रकासारखी दिसायला लागते.

काही गावांत तर तारखेला फारसा अर्थच नसतो. चेन्नईचं नाव यादीत आहे, ४ जून. पण सह्याद्रीच्या पलीकडे पावसाच्या छायेत असलेल्या चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. चेन्नईच्या मैत्रिणीला जूनमध्ये "तुमच्याकडे मॉन्सून आला ना?" असं विचारलंत, तर ती घामाघूम चेहऱ्याने तुमच्याकडे बघेल.

काकांचा प्रश्न

तर त्या रात्री मी काकांना तारीख सांगितली नाही. विचारलं, "वारा कुठून येतोय?" म्हणाले, "दिवसा पश्चिमेचा आहे, पण कोरडा. आभाळ दुपारी मोकळं होतंय." मग विचारलं, "पाऊस रोज होता की दोनतीन दिवसांत धो धो पडून गेला?" म्हणाले, "पडून गेला."

कृषी विभागाचा नेहमीचा सल्ला असतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. काकांच्या शेतात तेवढा झाला होता. पण तो आकडा मॉन्सून पुढेही चालू राहील असं धरून काढलेला आहे. सोयाबीन उगवून वर आल्यावर दहाबारा दिवस कडक ऊन पडलं तर रोप करपतं. मग दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा आणि मजुरीचा खर्च पुन्हा. मी एवढंच म्हटलं की उंचावरची हवा येत्या आठवड्यात कोरडी दिसतेय, आणि मॉन्सून जाहीर होणं आणि तो टिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. निर्णय तुमचा.

काका थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मृग बघू दे म्हणतेस."

मी तसं म्हटलं नव्हतं. पण या वर्षापुरतं ते वाईट उत्तर नव्हतं. त्यांनी जूनच्या मध्यापर्यंत थांबून पेरलं. शेजाऱ्यांपैकी काहींचं आधीचं पीक तगलं, काहींना पुन्हा पेरावं लागलं. त्यांची जमीन वेगळी, विहिरींचं पाणी वेगळं. एका गावातसुद्धा एक तारीख पुरत नाही.